माणूस माणसांनी माणूस होतो: 'उबुंटू' या शब्दाची गोष्ट

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहराला लागून गुगुलेथू नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे. ३ मार्च १९८६ च्या सकाळी तिथे पोलिसांनी सात तरुणांना गोळ्या घालून मारलं. त्यांतला एक क्रिस्टोफर पीट. त्याची आई सिंथिया न्गेवू यांनी आपल्या मुलाचं प्रेत टीव्हीच्या बातम्यांत पाहिलं. त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि त्या दोराने त्याला जमिनीवरून ओढत नेत होते.

पुढे वर्णद्वेषी राजवट गेली आणि देशात सत्य आणि समेट आयोग बसला. त्या काळात न्गेवूबाईंना विचारलं गेलं की, हा समेट तुम्हाला मान्य आहे का? त्यांनी दिलेलं उत्तर आज जगभर उद्धृत होतं. त्याचा आशय असा: "हे समेट म्हणतात ते मला जर नीट कळलं असेल, म्हणजे ज्याने क्रिस्टोफर पीटला मारलं तो पुन्हा माणूस होणार असेल, आणि त्यामुळे मला, आपल्या सगळ्यांनाच, आपली माणुसकी परत मिळणार असेल, तर मला ते मान्य आहे. माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे."

पहिल्या वाचनात हे उत्तर थोर मनाच्या क्षमेसारखं वाटतं. पण जरा थांबून पुन्हा वाचा. माणुसकी गमावली खुन्याने, हे आपल्याला लगेच पटतं. मग आई 'मला माझी माणुसकी परत मिळेल' असं का म्हणते? तिची कशी गेली? आणि तिला ती परत मिळण्यासाठी खुन्याने माणूस होण्याची गरज का?

या प्रश्नांचं उत्तर 'उबुंटू' या एका शब्दात आहे. आपल्याकडे अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा संगणकावर पाहिला, कारण मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी माणसाने २००४ मध्ये काढलेल्या मोफत संगणक प्रणालीला हेच नाव दिलं. बाकीच्यांना तो व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गोष्टीतून भेटला. कुणी संशोधक झाडाखाली फळांची टोपली ठेवतो, जो पहिला पोहोचेल त्याला ती मिळेल असं मुलांना सांगतो, आणि मुलं हात धरून एकत्र धावतात, ती गोष्ट. तिच्यात संशोधकाचं नाव नसतं, गाव नसतं, साल नसतं. गोड आहे, पण 'उबुंटू म्हणजे वाटून खावं' एवढाच अर्थ तिच्यातून हाती लागतो, आणि न्गेवूबाईंचं वाक्य त्याने उलगडत नाही. त्यासाठी शब्दाच्या पोटात शिरावं लागतं, आणि मराठी माणसाला ते अवघड नाही.

शब्द कसा बनतो

झुलू, खोसा, न्डेबेले आणि स्वाती या एका कुळातल्या भाषा. त्यांना न्गुनी भाषा म्हणतात. त्यांच्यात नामाला पुढून उपसर्ग लागतो आणि त्या उपसर्गावरून ते नाम कोणत्या वर्गातलं ते कळतं. 'न्टू' हा मूळ धातू. त्याला 'उमु' लागला की 'उमुंटू', म्हणजे माणूस. 'आबा' लागला की 'आबांटू', म्हणजे माणसं. आणि 'उबु' लागला की 'उबुंटू'.

हा 'उबु' उपसर्ग भाववाचक नामं बनवतो. झुलूत 'इन्कोसी' म्हणजे राजा, तर 'उबुखोसी' म्हणजे राजेपण. 'इन्डोडा' म्हणजे पुरुष, तर 'उबुडोडा' म्हणजे पुरुषपण. 'उम्न्ट्वाना' म्हणजे मूल, तर 'उबुन्ट्वाना' म्हणजे बालपण. मराठीत 'पण' हा प्रत्यय मागून जे काम करतो तेच काम तिथे 'उबु' पुढून करतो. त्या हिशोबाने उबुंटूचं शब्दशः मराठी होतं 'माणूसपण'.

पण आपल्याकडे 'माणुसकी' हा शब्दही आहे, आणि या दोघांत फरक आहे. माणूसपण म्हणजे माणूस असण्याची अवस्था. माणुसकी म्हणजे माणसाने दाखवायचा चांगुलपणा. आपण हे दोन शब्द वेगळे ठेवतो. उबुंटू या एकाच शब्दात दोन्ही अर्थ नांदतात. माणूस असणं आणि माणसासारखं वागणं यांच्यामध्ये तिथे भिंतच नाही. चांगल्या माणसाबद्दल खोसा लोक 'उनोबुंटू' म्हणतात, म्हणजे त्याच्याजवळ उबुंटू आहे. नसेल त्याच्याबद्दल 'आकानाबुंटू'. आपण 'त्याच्यात माणुसकी नाही' म्हणतो तेव्हा त्याच्या वागण्यावर बोट ठेवतो. 'आकानाबुंटू' म्हणणारा त्या माणसाच्या माणूस असण्यावरच बोट ठेवत असतो.

हा शब्द एकट्या न्गुनी भाषांची मालमत्ता नाही. सोथो आणि त्स्वाना भाषांत त्याला 'बोथो' म्हणतात, झिंबाब्वेतल्या शोना भाषेत 'उन्हू' किंवा 'हुन्हू'. 

आता ती प्रसिद्ध म्हण. झुलूत ती अशी आहे: 'उमुंटू न्गुमुंटू न्गाबांटू'. खोसात पहिले दोन शब्द 'उम्न्टू न्गुम्न्टू' असे होतात, बाकी म्हण तीच. फोड करून पाहू. 'उमुंटू' म्हणजे माणूस. 'न्गु-मुंटू' म्हणजे 'माणूस आहे'. राहिला तिसरा शब्द, आणि सगळी मेख त्यातच आहे. 'न्गाबांटू' म्हणजे 'न्गा' अधिक 'आबांटू', आणि हा 'न्गा' म्हणजे आपली तृतीया विभक्ती. झुलूत 'न्गेबासी' म्हणजे बसने. 'न्गोम्मेसे' म्हणजे सुरीने. तसंच 'न्गाबांटू' म्हणजे माणसांनी. बसने गावाला जातात, सुरीने कापतात आणि माणसांनी माणूस होतात.

म्हणून या म्हणीचं मला सर्वांत जवळचं वाटणारं मराठी 'माणूस माणसांनी माणूस होतो' हे आहे. 'माणसांसोबत' नव्हे, 'माणसांसाठी' नव्हे, 'माणसांनी'. दुसरी माणसं इथे सोबतीला नाहीत, ती साधन आहेत. ज्याच्यावाचून ती गोष्ट घडतच नाही ते साधन.

इंग्रजीतून आपल्याकडे आलेलं 'आपण आहोत म्हणून मी आहे' हे वाक्य या म्हणीचं भाषांतर म्हणून फिरतं, पण ते तसं नाही. ते जॉन म्बिटी या केनियन विचारवंताने १९६९ मध्ये आफ्रिकी धर्मविचार मांडताना लिहिलं. वाक्य चांगलंच आहे, पण ते फक्त अस्तित्वाबद्दल बोलतं. न्गुनी म्हण त्याहून वेगळं काहीतरी सांगते. आईच्या पोटून बाहेर आलेला जीव देहाने माणूस असतो, पण त्याचं माणूसपण अजून व्हायचं असतं. ते घडवतात दुसरी माणसं: त्याला नाव देणारी, हाक मारणारी, त्याच्या चुका पदरात घेणारी, त्याच्याकडून हक्काने काम करून घेणारी. आणि तो जीवही या बाकीच्यांचं माणूसपण घडवत असतोच. आणि जे घडवता येतं ते मोडताही येतं.

मोडण्याची बाजू मराठी माणसाला कुणी समजावून सांगायला नको. आपल्याकडे 'माणसातून उठणे' हा वाक्प्रचार आहे. बेइमानी करणारा, घर उद्ध्वस्त करणारा, दारूपायी सगळं घालवणारा 'माणसातून उठला' असं आपण म्हणतो. तो जिवंत असतो, श्वास घेत असतो, तरी माणसांच्या पंगतीतून उठलेला असतो. कुणी त्याला सावरलं तर 'त्याला माणसात आणलं' म्हणतो. दोन्ही वाक्प्रचारांत 'माणूस' ही जागा आहे, जिच्यातून बाहेर पडता येतं आणि परतही येता येतं. न्गेवूबाईंच्या वाक्यातलं 'पुन्हा माणूस होणार असेल' हे नेमकं याच अर्थाचं आहे.

हा शब्द कायद्यात कसा आला

शेकडो वर्षं हा शब्द घरात, शेतावर, चावडीवर बोलला गेला. त्याला विचारसरणीचं रूप देऊन लिहायला सुरुवात झाली ती अलीकडे. १९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झालं, तेव्हा स्टॅनलेक आणि टॉमी मेरी सामकांगे या दांपत्याने नव्या देशाचा राजकीय विचार म्हणून हुन्हू किंवा उबुंटू मांडला. दक्षिण आफ्रिकेत मात्र तो थेट राज्यघटनेत शिरला.

१९९३ मध्ये वर्णद्वेषी सरकार आणि मुक्तिसंघटना यांच्यात वाटाघाटी होऊन अंतरिम राज्यघटना तयार झाली. तिच्या अगदी शेवटी, सगळी कलमं संपल्यावर, राष्ट्रीय ऐक्यावर एक छोटा मजकूर जोडलेला आहे. त्यात म्हटलंय की आता समजून घेण्याची गरज आहे, सूडाची नाही. भरपाईची गरज आहे, प्रत्याघाताची नाही. उबुंटूची गरज आहे, कुणाला भक्ष्य करण्याची नाही. इंग्रजी वाक्यात हा आफ्रिकी शब्द तसाच ठेवलेला, आणि त्याची व्याख्या कुठेच दिलेली नाही. पुढे १९९६ च्या कायम घटनेत तर हा शब्दही राहिला नाही. पण तोवर न्यायालयाने तो उचलला होता.

६ जून १९९५ रोजी तिथल्या नव्या घटना न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द केली. खटला होता माक्वान्याने आणि म्चुनू या दोघांचा. एका दरोड्यात चार खून केल्याबद्दल त्यांना फाशी झाली होती. न्यायालयात अकरा न्यायाधीश होते. निकाल एकमताने लागला, आणि तरीही प्रत्येकाने आपलं वेगळं निकालपत्र लिहिलं. मुख्य आधार होता तो जगण्याचा हक्क, प्रतिष्ठा आणि क्रूर शिक्षेवरची बंदी यांचा. पण अनेकांनी उबुंटूचाही आधार घेतला. न्यायमूर्ती पायस लांगा यांनी लिहिलं की या संस्कृतीत दुसऱ्याच्या जिवाची किंमत निदान आपल्या जिवाइतकी तरी मानली जाते. न्यायमूर्ती इव्हॉन मोकगोरो यांनी 'उमुंटू न्गुमुंटू न्गाबांटू' ही म्हणच निकालपत्रात उतरवली.

इथे एक अडचण उभी राहते. माणूसपण जर गमावता येत असेल, तर ज्याने चार खून केले त्याने ते गमावलंच ना? मग त्याला मारायला काय हरकत आहे? लोकही तेच म्हणत होते. बहुसंख्य जनता फाशीच्या बाजूने आहे हे न्यायालयाचे अध्यक्ष आर्थर चास्कल्सन यांनी गृहीत धरलं, आणि लोकांना काय वाटतं हा आमच्यापुढचा प्रश्न नाही असं सांगितलं.

माझ्या मते उत्तर त्या दोन उपसर्गांतच आहे. खुन्याने 'उबुंटू' गमावलं, पण तो 'उमुंटू' राहिलाच. माणुसकी गेली तरी माणूस उरतो, आणि तो उरतो म्हणूनच त्याला परत माणसात आणणं शक्य असतं. फाशी दिली की ते दार कायमचं बंद होतं. शिवाय फाशी देणारे हात कुणाचे असतात? माणसांनी माणूस होतो हे खरं असेल, तर माणसांकरवी माणूस मारण्याचा परिणाम मारणाऱ्यांच्या माणूसपणावरही होणारच. इथून पुढे न्गेवूबाईंचं वाक्य समजायला लागतं.

गुगुलेथूच्या आया

त्या सकाळी काय घडलं होतं ते आयोगापुढे उलगडत गेलं. पोलिसांचं म्हणणं होतं की हे सात दहशतवादी होते आणि चकमकीत मेले. त्या काळी झालेल्या दोन्ही मृत्यू-चौकशांनी पोलिसांना निर्दोष ठरवलं होतं. खरी हकिगत वेगळी होती. व्लाकप्लास नावाच्या शेतावर पोलिसांच्या गुप्त शाखेचं एक पथक होतं. पूर्वी मुक्तिसंघटनेत असलेले आणि नंतर फोडलेले काळे लोक त्या पथकात होते. त्यांना 'आस्कारी' म्हणत. यांतल्या काहींना गुगुलेथूत पाठवलं गेलं. आम्ही लढवय्ये आहोत असं भासवून त्यांनी या तरुणांचा विश्वास मिळवला, त्यांना शस्त्रं दिली, शिकवलं आणि सापळ्यात नेलं. थापेलो म्बेलो हा त्या आस्कारींपैकी एक.

नोव्हेंबर १९९६ मध्ये सुनावणीत पोलिसांनी स्वतः घेतलेलं त्या दिवसाचं चित्रीकरण दाखवण्यात आलं. आया पडद्यावर आपापल्या मुलांची प्रेतं पाहत होत्या आणि हंबरडा फोडत होत्या. एकीने पायातला बूट काढून समोर बसलेल्या पोलिसांवर भिरकावला. हे मुद्दाम सांगते, कारण उबुंटू म्हटलं की शांत, हसरी, क्षमाशील आफ्रिकी आई डोळ्यांपुढे आणायची सवय जगाला लागली आहे. या बायका शांत नव्हत्या.

नंतर म्बेलोने त्यांना भेटायची इच्छा व्यक्त केली. आयोगातल्या मानसशास्त्रज्ञ पुमला गोबोडो-माडिकिझेला यांच्या मदतीने बंद खोलीत भेट झाली. आया एका बाजूला, तो एका बाजूला. त्याने मान खाली घालून क्षमा मागितली. बायका चिडल्या होत्या. काळा असून आपल्याच रक्ताला विकलंस, हा त्यांचा मुख्य आरोप होता. गोऱ्या पोलिसाकडून त्यांना वेगळी अपेक्षाच नव्हती.

मग न्गेवूबाई बोलल्या. त्यांनी त्याला 'बाळा' म्हणून हाक मारली आणि त्याच्या नावाबद्दल विचारलं. सोथो भाषेत 'थापेलो' म्हणजे प्रार्थना. तू माझ्या क्रिस्टोफरच्याच वयाचा आहेस, असं त्या म्हणाल्या. माझं मूल आता कधीच उठणार नाही, तेव्हा तुझ्याबद्दल ही जखम धरून ठेवण्यात अर्थ नाही, मी तुला क्षमा करते, असं त्यांनी सांगितलं.

या प्रसंगात म्हणीचं व्याकरण जसंच्या तसं घडताना दिसतं. ज्याने मुलगा मारला त्याला ती आई नाव घेऊन, अर्थ विचारून, वय जुळवून एका नात्यात बसवते. नाव आणि नातं याच तर गोष्टींनी मूल माणूस होतं. जे एकदा घरी जन्मलेल्या मुलासाठी केलं, तेच ती आता माणसातून उठलेल्या या माणसासाठी करते. आणि तिची माणुसकी कशी गेली होती, त्याचंही उत्तर इथे आहे. क्रिस्टोफर असताना ती ज्या नात्याने आई होती ते नातं तोडलं गेलं होतं. आणि दहा वर्षं ज्या माणसाशी तिचा सगळ्यांत खोल संबंध होता, तो माणूस म्हणजे एक चेहरा नसलेला खुनी. माणूस माणसांनीच होत असेल, तर तिच्या आयुष्यातलं इतकं महत्त्वाचं माणूस माणूसच नसताना तीही अपुरीच राहणार. म्हणून तिला तो परत माणसात हवा होता. हे तिने त्याच्यावर केलेले उपकार नव्हते. त्यात तिची स्वतःची गरज होती.

तिच्या वाक्यात 'जर' आहे, हे मात्र विसरायचं नाही. तो पुन्हा माणूस होणार *असेल* तर. तिची क्षमा फुकट नव्हती. समोरच्याने यावं, खरं सांगावं, मान खाली घालावी, ही त्यातली अट होती.

बिल कुणी भरलं

हा 'जर' पुढे किती वेळा गाळला गेला, ते पाहिलं की मला फार वाईट वाटतं.

आयोगाचा कायदा असा होता: राजकीय हेतूने केलेला गुन्हा आणि त्यातलं संपूर्ण सत्य सांगितलं तर शिक्षेतून माफी. माफी मिळाली की फौजदारी खटलाही नाही आणि नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही नाही. पश्चात्ताप व्यक्त करायची अट कायद्यात नव्हतीच. पोलिसांच्या कोठडीत मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने आणि इतरांनी याला न्यायालयात आव्हान दिलं, की आमचा न्याय मागायचा हक्क तुम्ही परस्पर कसा देऊन टाकता? १९९६ मध्ये घटना न्यायालयाने ते फेटाळलं, आणि आधार घेतला घटनेच्या शेवटच्या त्याच मजकुराचा.

सात हजारांहून अधिक लोकांनी माफीचे अर्ज केले. बहुतेक फेटाळले गेले. बिको प्रकरणातल्या पोलिसांचेही १९९९ मध्ये फेटाळले गेले. अर्ज फेटाळला की खटला चालायला हवा, हीच या सौद्याची दुसरी बाजू होती. पण बिको प्रकरणात पुढे खटलाच झाला नाही, आणि इतर शेकडो प्रकरणांतही फारच थोडे झाले. भरपाईचंही तेच. आयोगाने शिफारस केली होती की पीडितांना सहा वर्षं दरवर्षी साधारण १७ ते २३ हजार रँड द्यावेत. सरकारने २००३ मध्ये एकदाच ३० हजार रँड देऊन विषय संपवला.

घटनेतल्या त्या मजकुरात उबुंटूच्या शेजारीच 'भरपाईची गरज आहे' असं लिहिलंय. ज्यांचं गेलं त्यांच्याकडून उबुंटू ताबडतोब मागितलं गेलं. भरपाई मात्र उशिरा आणि तुटपुंजी आली. डेस्मंड टुटू आयोगाचे अध्यक्ष होते, उबुंटू जगभर पोहोचलं ते मुख्यतः त्यांच्यामुळे, आणि सरकारने ही देणी रखडवल्याबद्दल त्यांनीच जाहीरपणे नाराजी व्यक्त केली होती.

हा शब्द कुठे वापरला जातोय ते पाहताना मी एक गोष्ट तपासते: त्या प्रसंगात उबुंटू कुणाकडून मागितलं जातंय? फक्त दुखावलेल्याकडून मागत असतील, तर तृतीया विभक्तीचं एकच टोक धरलेलं असतं. कंपनीच्या सभेत पगार न वाढवता 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणून उबुंटूचं नाव घेणं, घरात मार खाणाऱ्या बाईला 'सगळ्यांच्या भल्यासाठी' गप्प बसायला सांगणं, हे त्याच जातीचे प्रकार. नात्यांनी माणूस घडतो हे खरं असलं, तरी त्याच नात्यांचा फासही होऊ शकतो, आणि म्हण स्वतःहून हा फरक करून देत नाही. तो आपल्यालाच करावा लागतो.

दारातली शेळी

त्या सात मुलांपैकी एक होता झाबोन्के कोनिले. त्याची आई ईस्टर्न केप प्रांतातल्या इन्ड्वे नावाच्या खेड्यात राहायची. एप्रिल १९९६ मध्ये ती आयोगापुढे साक्ष द्यायला आली, आणि तिचं बोलणं कुणाला नीट कळेना.

ती मुलाच्या मृत्यूबद्दल सांगायची, तेवढ्यात स्वप्नात दिसलेल्या शेळीवर यायची. शेळी दारात उभी होती आणि वर बघत होती. मग पेन्शन आणायला निघाले होते ते सांगायची. मग कोळसा खणताना अंगावर दगड पडला ते. इंग्रजी भाषांतरात तिची साक्ष वाचणाऱ्याला वाटतं की बाईचं भान हरपलंय. बाकीच्या आयांच्या साक्षी पुस्तकांत, लेखांत, चित्रपटांत गेल्या. तिची कुणी वापरली नाही.

काही वर्षांनी तीन अभ्यासकांनी ती पुन्हा हातात घेतली. कवयित्री आणि पत्रकार अँत्ये क्रोख, खोसा भाषेच्या अभ्यासक नोसिसी म्पोल्वेनी आणि मानसशास्त्रज्ञ कोपानो राटेले. त्यांनी इंग्रजी प्रत बाजूला ठेवली आणि मूळ खोसा ध्वनिफीत ऐकली. दुभाष्याकडून बऱ्याच गोष्टी निसटल्या होत्या, काही चुकल्या होत्या. मग ते तिघे इन्ड्वेला जाऊन त्या बाईंना भेटले. २००९ मध्ये त्यांचा अभ्यास पुस्तकरूपाने आला.

खोसा घरात शेळी म्हणजे पूर्वजांशी बोलण्याचं माध्यम. त्यांच्यासाठी विधी करायचा तर शेळी लागते. ती दारात उभी दिसणं हा वरून आलेला इशारा होता. आणि झाबोन्के हा एकुलता एक मुलगा होता. अभ्यासकांना तिच्या बोलण्यात एक सलग धागा सापडला. शेळी, पेन्शन, दगड, सगळ्यातून ती एकच सांगत होती: ज्या माणसांच्या आणि पूर्वजांच्या जाळ्यात मी होते ते तुटलं आणि मी एकटी, सुटी, नुसती 'मी' उरले. आपण 'मी' होणं हे मोठं होण्याचं लक्षण मानतो. तिच्यासाठी तीच इजा होती. न्गेवूबाईंनी उबुंटू परत मिळण्याची बाजू एका वाक्यात सांगितली. या बाईंनी ते हरवण्याची बाजू सांगितली, आणि ती ऐकायला समोर कुणी नव्हतं.

आयोगाच्या अधिकृत संकेतस्थळाच्या सूचीत तिचं नाव सापडत नव्हतं, असं या तिघांनी नोंदवलंय. गुगुलेथूच्या प्रकरणाखाली तिचं आडनाव चुकीचं छापलं होतं, आणि त्या सगळ्या आयांमध्ये पहिलं नाव न दिलेली ती एकटीच होती. त्या तिघांनी आपल्या पुस्तकाच्या उपशीर्षकात तिचं पूर्ण नाव घातलं. ते आहे नोट्रोज नोबोम्वू कोनिले.